दाराला झेपेल तेवढंच

खोक्यावर लिहिलं होतं, कुठल्याही दाराला बसते. ज्याने कुणी ते लिहिलं त्याला एकदा वेल्ह्याला आणावं, आमच्या दुकानाच्या मागच्या दारासमोर उभं करावं आणि म्हणावं, बसव. नाही बसली तर त्याला तिथंच पाटावर बसवून पिको-फॉल करायला लावावं. त्या एका वाक्याने माझं जवळजवळ वर्ष खाल्लं.

दुकान म्हणजे बाजारपेठेतली एक खोली. मी आणि माझ्या सासूबाई तिथे शिवणकाम करतो. मी ब्लाउज, ड्रेस, शिवलेल्या नऊवारी बघते. सासूबाई काज-बटणं, हुक, हातशिलाई आणि त्यांचं जुनं काम, म्हणजे मोटारसायकलच्या सीटची आणि ट्रॅक्टरच्या गादीची रेक्झिनची कव्हरं. त्यांच्या हाताचं कव्हर पावसाळे काढतं, त्यामुळे आसपासच्या गावांतून लोक गादीच काढून घेऊन येतात. मी त्यांना आत्याबाई म्हणते. माझं माहेर भाटघरचं, तिथे सासूला आत्याच म्हणतात, आणि त्यांनाही ते आवडलं.

आधी आम्ही घरीच शिवत होतो. पण घर डोंगराच्या कुशीत, दुपार कलली की आत अंधार. आत्याबाईंच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याला डॉक्टरांनी अजून थांबा म्हणून सांगितलेलं. काज करताना सुई कापडात जायच्या ऐवजी बोटात जायला लागली. त्या बोलायच्या नाहीत, पण पांढऱ्या अस्तरावर लाल ठिपका दिसायचा आणि मी तो गुपचूप धुऊन टाकायची. मग ही खोली मिळाली. हिला उत्तरेकडे मोठी खिडकी आहे. ऊन आत येत नाही, उजेड मात्र दिवसभर सारखा. पहिल्या दिवशी आत्याबाई खिडकीखाली बसल्या, सुईत दोरा एका झटक्यात ओवला आणि कामाला लागल्या. त्या दिवसापासून मला कळलं होतं की ही खोली गेली तर आत्याबाईंचं कामही जाईल. आणि काम गेलं की त्या घरात नुसत्या बसून राहतील, हे मला बघवणार नव्हतं.

खोलीच्या मालकीणबाई भोरला राहतात. सरकारी कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेल्या, बोलणं मोजकं, साडीला कडक इस्त्री. आमच्या आधीच्या भाडेकरूचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्याने भिंतींची चाळण केली होती. बाईंनी सगळीकडे पुट्टी भरून घेतली, भिंतींना नवा रंग दिला, दाराला पिस्ता रंगाचा ऑइलपेंट मारला आणि तो वाळतोय न वाळतोय तोच किल्ली आमच्या हातात दिली. देताना एकच अट घातली, ‘भिंतीला खिळा नाही आणि दाराला ओरखडा नाही. वर्षाने येऊन मी बघेन आणि मगच पुढचं ठरवू.’

आम्ही हो म्हणालो. हो म्हणायला काय जातं. शिवणाऱ्या माणसाला खिळ्याशिवाय दुकान चालवणं म्हणजे काय, ते दुसऱ्या दिवशी समजलं.

कारण शिवून झालेले कपडे ठेवायचे कुठे? खोलीत कापायचं टेबल, माझी मशीन, पिकोची मशीन, आत्याबाईंची बैठक आणि इस्त्रीची जागा. एवढ्यात खोली संपली. नवरा टेम्पो चालवतो, तो कुठूनसं चाकांचं स्टँड घेऊन आला. ते आत ठेवलं तर आम्ही बाहेर, आम्ही आत आलो तर स्टँड बाहेर. आत्याबाई त्याला दोनदा धडकल्या, तेव्हा मी ते परत टेम्पोत चढवलं. कपडे घडी करून ठेवावेत तर इस्त्री मोडते, जरीला घडीची रेघ पडते, आणि गिऱ्हाईक ब्लाउज उलगडून असं बघतं, जणू आपण तो वापरून दिलाय.

राहता राहिलं मागचं दार. ते परसात उघडतं. तिथे नळ आहे, म्हणून ते दिवसातून शंभरदा उघडायचं आणि लावायचं. नवऱ्याने मोबाईलवर शोधलं आणि दारावर अडकवायची हुकांची पट्टी मागवली. वरून दोन वाकवलेल्या पट्ट्या दाराच्या माथ्यावर बसतात, खाली पाच हुक. खिळा नको, भोक नको. मला ते चित्र बघूनच हायसं वाटलं होतं.

आमच्याकडे असलं पार्सल घरपोच येईलच असं नाही, म्हणून नवरा कामथडीच्या एका दोस्ताचा पत्ता देतो. पार्सल तिथे पोचलं, दोस्ताच्या माळ्यावर पडून राहिलं, नवऱ्याची त्या बाजूला फेरी लागली तेव्हा आमच्या हातात आलं. तोवर परत करायची मुदत टळून गेली होती. हे मला नंतर समजलं, म्हणजे परत करायची वेळ आली तेव्हा.

पट्टी बसवली आणि ती दारावर बसली नाही, लटकली. ती बनवली होती जाडजूड, भरीव दारासाठी. आमचं दार फ्लश डोअर, दोन बाजूंना प्लायचे पातळ पत्रे आणि आत बरंचसं पोकळ. बोटाने वाजवलं की डब्यासारखं वाजतं. वाकवलेल्या पट्टीत आणि दारात बोटभर जागा मोकळी राहिली. रिकामी होती तोवर ठीक. एक ड्रेस अडकवला की पट्टी पुढे कलायची आणि तिचं खालचं टोक दाराला टोचायचं. दार उघडलं की सगळं खडखड करत एका बाजूला सरकायचं, आणि सरकताना ते टोक रंगावरून फिरायचं. पहिल्याच दिवशी पिस्ता रंगावर नखाने ओढावी तशी पांढरी रेघ उमटली. मी ती रेघ बघत उभी राहिले आणि माझ्या डोळ्यांपुढे भोरच्या बाई उभ्या राहिल्या.

बरं, दुखणं एका बाजूचं नव्हतं. त्या पट्टीचा पत्रा जाड. दार लावलं की तो चौकटीच्या खाचेत अडायचा. दार पुरतं बसेना, कडी लागेना. कडी लावायची तर कमरेने दार रेटायचं आणि त्याच वेळी हाताने कडी सरकवायची. रेटलं की चौकटीचाही रंग खरवडायचा. दार लावायला दोन माणसं लागणारं दुकान वेल्ह्यात आमचं एकच असेल.

मी पुठ्ठा घातला. पुठ्ठा दोन दिवसांत चेपला. नवरा म्हणाला, स्क्रूवालं मिळतं, पाहिजे तेवढं आवळता येतं. तेही आणलं. पातळ पत्र्याचं होतं, चौकटीत अडकलं नाही, म्हणून मी खूश झाले. स्क्रू आवळला तर त्याचं टोक पोकळ दाराच्या प्लायमध्ये रुतायला लागलं. अजून अर्धा फेरा दिला असता तर आरपारच गेलं असतं. सैल ठेवलं तर हलतं, घट्ट केलं तर रुततं. मी ते काढलं आणि नवऱ्याच्या हातात ठेवलं. तो म्हणाला, ‘आता दारच बदलायला पायजे.’ दार आपलं नाही, हे मी त्याला शांतपणे सांगितलं असं म्हटलं तर ते खोटं ठरेल.

पहिलीच पट्टी परत दारावर चढवली. मग वजनाचं प्रकरण. खोक्यावर वजनाचा आकडा छापलेला होता आणि तो बघून आम्ही निर्धास्त होतो. पण तो आकडा पट्टीचा, दाराचा नव्हे. शिवाय पाचही हुकांवर वजन सारखं विभागलं तरच तो खरा. हे बारीक अक्षरात होतं, आणि बारीक अक्षर आमच्या घरात मी एकटी वाचते, तेही फसल्यावर. आत्याबाईंनी एका दुपारी ट्रॅक्टरच्या गादीची दोन तयार कव्हरं एकत्र बांधून शेवटच्या हुकाला लावली. शेवटचा हुक म्हणजे कडीच्या बाजूचा, बिजागरीपासून सगळ्यात लांबचा. पट्टीला काही झालं नाही. दार मात्र कललं. वरच्या बिजागरीचे स्क्रू कडेच्या लाकडातून सैल झाले आणि दाराचा खालचा कोपरा फरशीला घासायला लागला. उघडताना असा आवाज यायचा की समोरचा चहावाला मान वळवून बघायचा.

सुताराने जरा लांब स्क्रू घालून बिजागरी आवळून दिली आणि म्हणाला, जड काही लावायचंच असेल तर बिजागरीच्या बाजूला लावा, आणि लावूच नका. तेव्हापासून मी नियम घातला. कव्हरं जमिनीवर. शिवलेली नऊवारी आणि घेरदार ड्रेस बिजागरीजवळच्या हुकांना, एका वेळी थोडेच. कडीच्या बाजूला नुसते ब्लाउज. शंका आली की शेजारच्या किराणावाल्याचा ताणकाटा आणून हँगर त्याला टांगायचा. गिऱ्हाईक हसायचं. बायका विचारायच्या, ताई, ब्लाउज किलोवर देता काय.

वजनाचं जमलं, पण खडखड आणि ओरखडे राहिलेच. रोज संध्याकाळी मी पट्टी काढून रंग बघायची आणि रोज नवी बारीकशी रेघ सापडायची. माझी चिडचिड इतकी वाढली की आत्याबाई दार उघडायला उठल्या की मी ओरडायची, हळू. शेवटी त्या म्हणाल्या, जरा थांब, म्या बघते.

त्यांनी रेक्झिनचे उरलेले तुकडे काढले, तपकिरी, चांगल्या प्रतीचे. मोकळी जागा बोटाने मापली. तीन-चार थर एकावर एक चिकटवून बरोबर तेवढ्या जाडीच्या गाद्या केल्या. एक जोडी वाकवलेल्या पट्टीच्या मागे, एक जोडी खालच्या टोकांखाली. कडा तासून गोल केल्या. मूळची जाड पट्टी नवऱ्याने लोहाराकडून माथ्यावर ठोकून जरा पातळ करून आणली. बसवली आणि दार उघडलं. आवाज नाही. परत लावलं. कडी एका बोटाने सरकली. पट्टी दाराला अशी बसली, जणू दारासोबतच आली होती.

‘आता वरडू नगं,’ आत्याबाई म्हणाल्या आणि खिडकीखाली जाऊन बसल्या.

मी खरंच ओरडले नाही. उलट येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवलं. लग्नसराई आली. दारावर शालूंवरचे ब्लाउज, करवल्यांचे ड्रेस, एका नवरीची हिरवीगार नऊवारी. पुढच्या दारातून ते रस्त्यावरून दिसायचं आणि बायका आत यायच्या. उन्हाळा कडक होता, परसातलं ऊन दुपारभर त्या दारावर पडायचं, पण आत खिडकीचा उजेड गार. आत्याबाईंनी त्या सराईत जेवढे काज केले तेवढे मागच्या काही वर्षांत केले नसतील. अस्तरावर लाल ठिपका नाही. ती पट्टी महिनोन्‌महिने कुणी काढली नाही, कारण काढायची गरजच पडली नाही.

पाऊस तोंडावर आला तेव्हा भोरहून बाईंचा फोन आला. बाजाराच्या दिवशी येते, खोली बघते, पुढचं बोलू. मी म्हटलं, या की. फोन ठेवला आणि मनात म्हटलं, जुन्या चार रेघा आहेत, पट्टी काढून ओल्या फडक्याने पुसलं की निम्म्या दिसणार नाहीत.

मी खुर्चीवर चढले आणि पट्टी वर उचलली. ती उचलेना. जरा हिसडा दिला. चर्र असा आवाज आला, पट्टी हातात आली आणि तिच्या मागच्या गादीला पिस्ता रंगाचा पापुद्रा चिकटून आला. दारावर तळहाताएवढी जागा उघडी पडली, आत आधीच्या कुठल्यातरी निळ्या रंगाचा थर. खालच्या गाद्या तर दारालाच राहिल्या. नखाने सोलल्या तर त्याही रंग घेऊन निघाल्या, आणि भोवतीच्या रंगात तपकिरी झाक उतरलेली. तो रंग बोटाला चिकट लागत होता, कालच मारल्यासारखा.

मी खुर्चीवरूनच खाली बघितलं. आत्याबाई सुई थांबवून माझ्याकडे बघत होत्या. मी गादी उलटसुलट केली आणि मला दिसलं. रेक्झिनला एका बाजूला कापड असतं आणि एका बाजूला तुळतुळीत लेप. आत्याबाईंनी सगळ्या गाद्यांची तुळतुळीत बाजू दाराकडे केली होती.

‘सुलट बाजू रंगाकडं का केली, आत्याबाई? कापड लावायचं होतं रंगाला.’

‘अगं, चांगली बाजू चांगल्याकडंच करत्यात,’ त्या म्हणाल्या. ‘कापड खरखरीत असतंय. रंग घासला असता.’

आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं. कापडाची सुलट बाजू जपायची, मऊ ते अंगाकडे, खडबडीत ते आत. शिवणाऱ्या बाईने त्या रंगालाही अंगच समजलं होतं. मला हे समजत होतं आणि तरीही मी भडकले. मी म्हणाले, विचारायचं तरी. म्हणाले, गेली आता खोली, बसा घरात अंधारात. हे शेवटचं मी म्हणायला नको होतं, पण मी ते म्हटलं आणि त्यांनी ते ऐकलं.

हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदाराने पापुद्रा बघून सांगितलं की हे व्हायचंच होतं. रेक्झिन मऊ राहावं म्हणून त्यात जे घातलेलं असतं ते उन्हाने आणि दाबाने हळूहळू रंगात उतरतं, रंग मऊ पडतो आणि दोघं एकमेकांना धरून बसतात. त्यात तुमचा ऑइलपेंट नवा, पुरता कडक झालेला नसणार. कापडाची बाजू लावली असती, नाहीतर फेल्टचं लोकरी कापड, तर एवढं झालं नसतं. मी विचारलं, पिस्ता रंग आहे का. त्याने दोन डबे उघडून दाखवले. एक कैरीसारखा, एक पुदिन्यासारखा. आमचा पिस्ता कशातच नव्हता. नुसतं ठिगळ मारलं तर जास्तच दिसेल, तो म्हणाला, घासून पूर्ण दार रंगवा. बाजाराचा दिवस उद्यावर आलेला.

नवऱ्याने सुचवलं, कॅलेंडर लावून झाकू. मी म्हटलं, कशाला अडकवू, माझ्या कपाळाला? मग मीच म्हटलं, दार उघडंच ठेवू, बाईंना परसात नेलं नाही म्हणजे झालं. किंवा मोठी साडी आडवी टाकू. आत्याबाई सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, झाकायचं न्हाई. मी पुन्हा काही बोलायच्या आत त्या उठल्या, गाद्या एका फडक्यात बांधल्या आणि बैठकीखाली ठेवल्या.

बाई दुसऱ्या दिवशी गाड्या बदलत आल्या, घामाघूम, तरी साडीची घडी तशीच. पाणी प्यायल्या. भिंती बघितल्या, हात फिरवून बघितल्या, मान हलवली. मी मनात एकेक भिंत मोजत होते. त्या दाराकडे वळायच्या आधीच आत्याबाई त्यांच्या आणि दाराच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता ह्या झाकतात. त्यांनी फडकं सोडलं आणि गाद्या बाईंच्या हातात दिल्या.

‘तुमच्या दाराचा रंग ह्याला आलाय. म्या लावल्या ह्या. सुनेला बोलू नगा.’

बाईंनी गाद्या बघितल्या, दार बघितलं, दारावरून बोट फिरवलं आणि बोटाला काही लागलं का ते बघितलं. मग विचारलं, ‘किती वजन लावत होता?’ मी सांगितलं, ताणकाट्यासकट सगळं सांगितलं. बिजागरीचं सांगितलं. चौकटीच्या खाचेचंही सांगितलं, म्हणजे पुढे काही निघायला नको.

त्या म्हणाल्या, खोली ठेवा. भिंतींना तुम्ही खरंच हात लावलेला नाही, एवढं कुणी पाळत नाही. दार पूर्ण घासून रंगवून द्या. आणि मग एक बोलल्या, ‘पण यापुढे या दाराला काहीही अडकवायचं नाही. रुमालसुद्धा नाही.’

मी विचारलं, एका भिंतीला चार खिळे चालतील का, पुट्टी आम्ही भरून देऊ. त्या नाही म्हणाल्या. रागाने नाही, कचेरीत अर्ज नामंजूर करावा तसं. मी विनवलं असतं, पण आत्याबाईंनी माझा हात दाबला. खोली राहिली होती. खिडकी राहिली होती. त्यांच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं आणि मला मात्र त्या क्षणी रडू येत होतं, सुटल्याचंही आणि संतापाचंही. एवढा खटाटोप करून शेवटी आम्ही पहिल्या दिवशी होतो तिथेच आलो होतो, एक दार रंगवायचं वाढवून.

दार रंगवलं. पाऊस सुरू झाला आणि रंग वाळता वाळेना. दार ओलीने फुगलं, आता पट्टी असती तरी खाचेत गेली नसती. बाईंची अट नसती तरी नव्या रंगाला कितीतरी दिवस काही लावता आलं नसतं, असं मी स्वतःला समजावते आणि ते समजावणं मला मुळीच पटत नाही.

आता कपडे घडी करून, धुतलेल्या धोतरात गुंडाळून कपाटात ठेवतो. गिऱ्हाईक आलं की काढायचे, इस्त्री फिरवायची, दाखवायचे. टेबलावर कपडा पसरावा तर तिथे कापायचं कापड पडलेलं असतं, आणि टांगलेला कपडा दिसतो तसा पसरलेला दिसत नाही. बायका बघून ‘बरंय’ म्हणतात. लग्नसराईत त्याच बायका दारासमोर थांबून बघत राहायच्या.

परवा एक नवरी आईबरोबर आली. तिची नऊवारी तयार होती, जरीची, वजनदार. मी इस्त्री केली आणि कुठे पसरावी म्हणून टेबलावरचं आवरायला लागले. मागे वळून बघितलं तर आत्याबाईंनी ती हँगरला लावली होती आणि खिडकीशी उभ्या राहून हात डोक्याच्या वर उचलून धरली होती. पूर्ण लांबीची, उजेडात, जमिनीला न टेकू देता. नवरी बघत होती, तिची आई काठ चाचपत होती, मागून बघू, पुढून बघू. आत्याबाई हँगर वळवत होत्या. वजन पेलायला दुसऱ्या हाताने त्यांनी त्या हाताचं कोपर धरून ठेवलं होतं.

वर्षभर आम्ही दाराला किती झेपतं तेच बघत होतो. खोक्यावर वाचलं, काट्यावर तोललं, सुताराला विचारलं. आत्याबाईंना किती झेपतं ते कुणी विचारलं नव्हतं, आणि मी तर मुळीच नाही.

मी हँगर घ्यायला हात पुढे केला. त्यांनी मान हलवली, सोडला नाही. नवरीची आई म्हणाली, हिच्याबरोबर फॉलला दिलेला शालू पण दाखवा ना तसाच. मी कपाटातून शालू काढला, दुसऱ्या हँगरला लावला आणि त्यांच्या शेजारी हात वर करून उभी राहिले.